शंभर क्रेडिटचा संघ: नाव बघण्याआधी काम बघा

२९ जून २०२४, शनिवार. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि आम्ही आठ-दहा जण पेठेतल्या तालमीच्या वरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. ब्रिजटाउनला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत होती, आपल्याकडे सामना रात्री ८ ला सुरू. नाणेफेक झाली, अकरा-अकरा नावं जाहीर झाली आणि आम्ही त्या बावीस जणांतून निवडलेल्या आपापल्या फँटसी संघांचे कागद दाजींच्या टोपीत टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब मांडला तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली. माझ्या आणि दाजींच्या संघांत सहा खेळाडू तेच होते: डी कॉक, हेंड्रिक्स, स्टब्स, बुमरा, कुलदीप आणि रबाडा. उरलेल्या पाच जागांवर आम्ही दोघांनीही बरोबर ४५ क्रेडिट खर्च केले होते. त्या पाच जागांनी मला ३७२ गुण दिले आणि दाजींना १०५. दाजींना क्रिकेट माझ्यापेक्षा कमी कळतं म्हणावं तर तसंही नाही. तरुणपणी ते गावच्या संघाचे सलामीचे गोलंदाज होते. यात नशिबाचा वाटा मोठा होता, तो किती हे पुढे येईलच. पण नशीब बाजूला ठेवलं तरी त्या पाच जागांत एक पद्धत होती. ती पद्धत या एकाच सामन्यावर उलगडून दाखवतो, कारण हा सामना बहुतेकांना चेंडू-चेंडू आठवतो.

आधी आमचे नियम सांगतो. आमची लीग कागदावरची आहे आणि तीत पैसा नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं देशात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच झाले आहेत, त्यामुळे पुढचं सगळं मित्रमंडळींतल्या किंवा मोफत लीगसाठी आहे. अकरा खेळाडू, एकूण १०० क्रेडिट. यष्टिरक्षक १ ते ४, फलंदाज ३ ते ६, अष्टपैलू १ ते ४, गोलंदाज ३ ते ६ आणि एका संघातले जास्तीत जास्त ७. किमती आम्ही आदल्या रात्री मिळून ठरवतो. या सामन्याला त्या साडेसात ते साडेदहा होत्या. एका धावेला १ गुण, अर्धशतकाला ८ जादा, बळीला २५, झेल किंवा धावबादला ८. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. मोठ्या लीगमध्ये चौकार-षटकार, निर्धाव षटक, इकॉनॉमी, स्ट्राइक रेट यांचेही गुण असतात. तुमच्या लीगमध्ये काय आहे ते आधी वाचून घ्या, कारण एखादा नियम बदलला की अख्खा खेळाडू घेण्याजोगा राहत नाही. याचं उदाहरण अक्षरच्या निमित्तानं येईलच.

पहिली पायरी: शंभर क्रेडिट आहेत कुठे?

बहुतेकांची चूक इथेच होते. हातात शंभर क्रेडिट आहेत असं वाटतं, पण अकरा माणसं घ्यावीच लागतात आणि सगळ्यात स्वस्त माणूस साडेसातचा आहे. अकरा गुणिले साडेसात म्हणजे साडेब्याऐंशी. एवढे क्रेडिट तुम्ही काहीही केलं तरी जाणारच. म्हणजे खरोखर तुमच्या मर्जीनं खर्च करायला उरतात फक्त साडेसतरा.

एवढं डोक्यात बसलं की किमती वेगळ्या दिसायला लागतात. साडेदहाचा बुमरा साडेदहाचा नाही, तो तीनचा आहे. दहाचा सूर्यकुमार अडीचचा. साडेआठचा अक्षर एकचा. कागदावर प्रत्येक नावापुढे किमतीतून साडेसात वजा करून तो आकडा लिहा. साडेसतरातून खर्च करताना तोच आकडा बघायचा.

दाजींनी रोहित, सूर्यकुमार, डी कॉक, बुमरा, कुलदीप, अर्शदीप अशी सहा मोठी नावं आधी लिहिली. त्यात साडेसतरापैकी पंधरा गेले. उरलेल्या पाच जागांना अडीच. मग त्या पाचांत कोण बसतं? जे परवडतात ते. शम्सी, हेंड्रिक्स आणि दुबे हे तिघं साडेसातचे, स्टब्स आठचा, आणि कसाबसा नऊचा रबाडा. दाजींनी सहा खेळाडू निवडले आणि पाच त्यांच्या माथी आले.

दुसरी पायरी: प्रत्येकाच्या वाट्याला किती चेंडू येणार?

फॉर्म आणि खेळपट्टी यांच्या आधी मी हे करतो. टी-ट्वेंटीच्या डावात १२० चेंडू असतात. सलामीवीराला ते सगळे उपलब्ध असतात. सातव्या क्रमांकावरच्याला शेवटची दोन-तीन षटकं मिळाली तरी खूप. गोलंदाजाला जास्तीत जास्त २४ चेंडू. गुण मिळतात ते या चेंडूंमधूनच. ज्याच्या हातात चेंडू येणारच नाही, त्याचा फॉर्म चुलीत घालायचाय का?

कागदावर प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहायच्या. फलंदाजीला तो कितव्या क्रमांकावर येईल, आणि गोलंदाजी किती षटकं करेल, कोणत्या टप्प्यात. टप्पा महत्त्वाचा असतो, कारण शेवटच्या चार षटकांत फलंदाज अंग टाकून मारतात आणि झेल उडतात. तिथे टाकणाऱ्याला धावा पडतात, पण बळीही मिळतात. मधल्या षटकांत चांगली टाकूनही हात रिकामा राहू शकतो. आमच्यासारख्या, धावा दिल्याबद्दल गुण न कापणाऱ्या लीगमध्ये शेवटची षटकं टाकणारा केव्हाही परवडतो.

या दोन गोष्टी कुठून कळणार? मागच्या तीन-चार सामन्यांच्या धावफलकातून. त्यात धावा आणि बळी बघू नका, क्रमांक आणि षटकं बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

लीगमध्ये लिहिलेल्या ‘अष्टपैलू’ या शिक्क्यावर तर अजिबात विसंबू नका. या सामन्यात भारताकडे असे चार शिक्केवाले होते: हार्दिक, अक्षर, जडेजा आणि दुबे. दुबे त्या स्पर्धेत जवळजवळ गोलंदाजी करतच नव्हता, म्हणजे तो सहाव्या क्रमांकाचा निव्वळ फलंदाज. जडेजा फलंदाजीला अगदी खाली येत होता आणि चार षटकं मिळतीलच याची खात्री नव्हती. हार्दिक खाली फलंदाजी आणि दोन ते चार षटकं, त्यातही शेवटच्या टप्प्यात चेंडू हातात येण्याची शक्यता मोठी. आणि अक्षर? तो बहुतेक सामन्यांत गोलंदाजी करत होताच, शिवाय ९ जूनला पाकिस्तानविरुद्ध त्याला थेट चौथ्या क्रमांकावर पाठवलं होतं. त्या डावात त्यानं फक्त २० केल्या, म्हणून किमती ठरवताना कुणी त्याकडे पाहिलं नाही. पण संघाच्या डोक्यात तो ‘लवकर विकेट पडल्या तर वर पाठवायचा डावखुरा’ झाला होता. त्याचं काम वाढलं होतं आणि किंमत जुनीच राहिली होती. स्वस्त खेळाडूंमध्ये शोधायचं ते नेमकं हेच.

तिसरी पायरी: खेळपट्टी कुणाचं काम वाढवते?

‘बॅटिंग पिच आहे’ असं कुणी म्हणालं की त्या वाक्याचा संघ निवडायला काही उपयोग नसतो. दोन्ही संघांचे फलंदाज त्याच खेळपट्टीवर खेळणार. प्रश्न असा विचारायचा की या खेळपट्टीवर कुठल्या कामाचा भाव वाढतो.

आपल्याकडे मातीचं वेगळं शिकवायला नको. तालमीच्या हौद्यातली लाल माती कोरडी असली की पाय वेगळा पडतो आणि तेल-ताक घालून मळली की वेगळा. क्रिकेटच्या खेळपट्टीचंही तसंच. वानखेडेच्या लाल मातीवर चेंडू उसळी घेतो आणि बॅटवर येतो. काळ्या मातीच्या, सुकलेल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो, मग फिरकी आणि हळू टाकलेले कटर चालतात. त्यात मैदानाचं नाव फसवतं. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये एकाच चौकात लाल आणि काळ्या अशा दोन्ही मातींच्या मिळून अकरा खेळपट्ट्या आहेत. ‘अहमदाबादला इतक्या धावा होतात’ हा आकडा मग कुठल्या पट्टीचा धरायचा? सामन्याआधी समालोचक खेळपट्टीवर चालत जातात तेव्हा कोणत्या मातीची पट्टी आहे आणि ती आधी वापरलेली आहे का, एवढंच ऐकून ठेवा.

रात्रीच्या सामन्यात दवाचाही विचार हवा. चेंडू ओला झाला की फिरकी गोलंदाजाला पकड मिळत नाही, म्हणून दुसऱ्यांदा गोलंदाजी करणाऱ्या संघाचा फिरकीपटू मी अशा वेळी वगळतो. ब्रिजटाउनला सामना तिथल्या सकाळी होता, दवाचा प्रश्नच नव्हता. शिवाय त्याच मैदानावर २० जूनला भारतानं अफगाणिस्तानविरुद्ध १८१ केल्या होत्या आणि बुमरानं ४ षटकांत ७ धावा देत ३ बळी घेतले होते. म्हणजे धावा होत्या, पण वेगवान गोलंदाज उपाशी राहत नव्हता. एकाच प्रकारच्या गोलंदाजांवर सगळं लावण्यासारखं काही नव्हतं.

खेळपट्टीबरोबर समोर कोण टाकणार तेही जोडून बघायचं. भारत तीन फिरकीपटू घेऊन उतरला होता आणि ते मधल्या षटकांत टाकणार हे उघड होतं. दक्षिण आफ्रिकेचा मधल्या षटकांतला, फिरकीला फोडणारा फलंदाज म्हणजे क्लासेन. नऊ क्रेडिटला तो मी तिथल्या तिथे घेतला. केशव महाराजचंही तसंच. सलामीला रोहित उजवा, कोहली उजवा आणि तिसरा पंत डावरा असला तरी, डावखुऱ्या फिरकीला पॉवरप्लेमध्ये चेंडू मिळेल असा माझा अंदाज होता. साडेआठला नव्या चेंडूचा गोलंदाज मिळत असेल तर घ्यावा.

चौथी पायरी: फॉर्म

दाजींचं आणि माझं इथे वाजलं.

“अरं, कोहलीचं काय चाललंय बघतोयस न्हवं?” दाजी म्हणाले. “एक, चार, शून्य. सात सामन्यांत पंच्याहत्तर धावा. ह्यो गडी घेणार तू?”

आकडे खरेच होते: १, ४, ०, २४, ३७, ०, ९. पण पहिले तीन आकडे न्यू यॉर्कचे. तिथे बाहेर तयार करून आणलेल्या खेळपट्ट्या बसवल्या होत्या आणि चेंडू कधी छातीवर, कधी घोट्यावर येत होता. भारतानं पाकिस्तानविरुद्ध ११९ केल्या आणि तेवढ्यावर सामना जिंकला, अशी ती जागा. तिथल्या आकड्यांवरून फॉर्म ठरवूच नये. ते तीन काढले तर उरतात २४, ३७, ०, ९. फार चांगले नाहीत, पण ‘संपला’ म्हणण्यासारखेही नाहीत. त्याच्या जरा मागे बघितलं तर त्याच वर्षीच्या आयपीएलमध्ये त्यानं सलामीला येऊन ७४१ धावा केल्या होत्या, स्पर्धेत सर्वाधिक. आणि काम तेच होतं, सलामी. १२० चेंडू समोर.

म्हणून फॉर्म बघताना माझी रीत अशी. शेवटचे पाच-सहा डाव घ्यायचे, पण प्रत्येकापुढे मैदान आणि त्या डावात इतरांनी काय केलं ते लिहायचं. सगळेच पडले असतील तर तो डाव बाजूला. नंतर तो बाद कसा झाला ते आठवायचं. तीन वेळा एकाच प्रकारे, एकाच प्रकारच्या गोलंदाजाला बाद होत असेल आणि समोर तसाच गोलंदाज असेल, तर तो खरा वाईट फॉर्म. एकदा झेल, एकदा धावबाद, एकदा मारायला जाऊन, तर त्यावरून काही ठरत नाही.

चांगल्या फॉर्मलाही हेच माप लावा. कुलदीपनं आधीच्या चार सामन्यांत १० बळी घेतले होते. दाजींनी त्याला उपकर्णधार केलं. त्या दिवशी ४ षटकं, ४५ धावा, बळी एकही नाही. मीही त्याला घेतला होता, त्यामुळे हसायला तोंड नव्हतं.

कोहलीची किंमत मात्र त्या सात डावांमुळे साडेनऊवर आली होती आणि रोहितची, ९२ आणि ५७ च्या खेळींमुळे, साडेदहावर गेली होती. दोघंही सलामीवीर, काम एकच. तेच काम एक क्रेडिट कमी देऊन मिळत होतं. मर्जीनं खर्चायला साडेसतराच असताना एक क्रेडिट म्हणजे गंमत नव्हे.

पाचवी पायरी: अंदाज आणि किंमत समोरासमोर

आता कागदावर प्रत्येकापुढे एकच आकडा लिहायचा: माझ्या अंदाजानं साधारण किती गुण. अचूकतेच्या मागे लागू नका. कामावरून ढोबळ धरा. तीन उदाहरणं देतो.

अक्षर: चार षटकांत एक बळी धरला, २५. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर पंधरा धावा. एकूण ४०. बुमरा: आधीच्या सात सामन्यांत १३ बळी, म्हणून पावणेदोन धरले, ४४. सूर्यकुमार: बत्तीस धावा आणि अर्धा झेल, ३६. साडेसातवाला स्वस्त माणूस सरासरी २० देईल असं धरू.

आता वरचा खर्च आणि वरचे गुण जुळवा. अक्षर एक क्रेडिट जास्त घेऊन वीस गुण जास्त देतो. बुमरा तीन क्रेडिटला चोवीस, म्हणजे क्रेडिटमागे आठ. सूर्यकुमार अडीच क्रेडिटला सोळा, म्हणजे क्रेडिटमागे सहाच्या आसपास. सूर्यकुमार वाईट खेळाडू आहे असं यातून निघत नाही. साडेसतरा क्रेडिटमध्ये तो अक्षरपेक्षा महाग पडतो, एवढंच निघतं.

मग बुमरा तरी का घ्यायचा? कारण त्याला कर्णधार केला की ४४ चे ८८ होतात आणि त्याच तीन क्रेडिटला अडुसष्ट गुण जास्त मिळतात. महागड्या खेळाडूबाबत माझा नियम यातूनच आला: ज्याला मी कर्णधार किंवा उपकर्णधार करू शकतो, तोच साडेदहाला घ्यायचा. संघात दोन, फार तर तीन मोठी नावं पुरतात. सहावं मोठं नाव कर्णधार होणार नसतं आणि जागा मात्र मोठी अडवतं.

याप्रमाणे वेगळ्या निघालेल्या आमच्या पाच-पाच जागा अशा होत्या. कंसात किंमत आणि पुढे मिळालेले गुण.

माझे: कोहली (९.५) ८४, क्लासेन (९) ७६, अक्षर (८.५) ७२, हार्दिक (९.५) ८०, महाराज (८.५) ६०.

दाजींचे: रोहित (१०.५) ९, सूर्यकुमार (१०) १९, अर्शदीप (९.५) ५०, दुबे (७.५) २७, शम्सी (७.५) ०.

दोन्हींची बेरीज ४५ क्रेडिट. माझ्या पाचांत सगळ्यात स्वस्त साडेआठचा आणि सगळ्यात महाग साडेनऊचा. मधल्या किमतीत पाचही जणांकडे नक्की काम होतं. दाजींकडे दोन टोकं होती.

सामना कसा गेला ते आठवा. दुसऱ्याच षटकात महाराजला रोहितनं लागोपाठ दोन चौकार मारले, तालमीत शिट्ट्या वाजल्या, आणि त्याच षटकात रोहित स्क्वेअर लेगला क्लासेनकडे झेल देऊन गेला. दोन चेंडूंनी पंतही. पाचव्या षटकात ३ बाद ३४, आणि पायऱ्या उतरून कोण आला? अक्षर. ३१ चेंडूंत ४७. कोहली एकोणिसाव्या षटकापर्यंत टिकला, ५९ चेंडूंत ७६. नंतर हार्दिकनं सतराव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेनला काढलं आणि विसाव्यात, सोळा धावा राखायच्या असताना, मिलर आणि रबाडाला. मिलरचा सीमारेषेवरचा झेल सूर्यकुमारनं घेतला. दाजी ओरडत होते आणि त्यांच्या वहीत आठ गुण वाढत होते. त्या झेलाचे आठच गुण देणारे आमचे नियम किती कोते आहेत, यावर अजून वाद आहे.

नियमाचा मुद्दा अक्षरच्या बाबतीत असा. पंधराव्या षटकात क्लासेननं त्याला २४ धावा चोपल्या. एकूण ४ षटकांत ४९. इकॉनॉमीचे गुण कापणारी लीग असती तर त्याचे ७२ बरेच खाली आले असते, आणि अर्शदीपचे ४ षटकांत २० धावांत २ बळी वर गेले असते. म्हणून म्हटलं, नियम आधी वाचा.

नाणेफेकीनंतरची दहा मिनिटं

अकरा जण जाहीर होईपर्यंत कागद बंद करू नका. बाहेर बसलेल्या खेळाडूसाठी प्रत्येक भूमिकेत एक बदली नाव त्याच किमतीचं किंवा स्वस्त तयार ठेवा, म्हणजे घाईत दोन क्रेडिट वर जाऊन दुसरा कुणी काढावा लागत नाही. त्या दिवशी काही बदललं नाही, त्यामुळे ही पायरी फुकट गेली.

कर्णधाराचा निर्णयही मी तेव्हाच घेतो. बुमरा कर्णधार, अक्षर उपकर्णधार. बुमराला चार षटकं मिळणारच होती, भारत पहिल्यांदा खेळो वा नंतर. फलंदाजाला पहिल्याच चांगल्या चेंडूवर परतावं लागू शकतं. त्यानं ५० दिले, दुप्पट १००. कोहलीला केलं असतं तर १६८ झाले असते. पण त्या घडीला कोहलीला कर्णधार करण्याची हिंमत माझ्यात नव्हती आणि आजही त्या माहितीवर मी बुमरालाच करीन. शेवटी माझे ६४३, दाजींचे ३०३. त्यांचा कर्णधार रोहित होता.

सामन्यानंतर: चूक कोणती आणि नशीब कोणतं

इतक्या फरकानं जिंकल्यावर आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागतं. ते खरं नसतं. क्लासेन पंधराव्या षटकाआधी बाद झाला असता, कोहली दुसऱ्या षटकात गेला असता, तर माझी पद्धत तीच राहून गुण बरेच कमी झाले असते. म्हणून निकालावरून शिकायचं नाही. कागदावर आधी लिहिलेले अंदाज धावफलकाशी ताडून बघायचे, आणि तेही फक्त दुसऱ्या पायरीतले: क्रमांक, चेंडू आणि षटकं.

माझ्या कागदावर हेंड्रिक्ससमोर ‘सलामी’ लिहिलं होतं. तो सलामीलाच आला, पाच चेंडू खेळला, ४ धावांवर बुमरानं त्याची दांडी उडवली. अंदाज बरोबर, फळ वाईट. त्यात सुधारण्यासारखं काही नाही. कुलदीपसमोर ‘४ षटकं’, तीही मिळाली. हार्दिकसमोर मी ‘२ ते ४, शेवटी’ लिहिलं होतं. ३ टाकली, शेवटची टाकली. दाजींच्या कागदावर शम्सीसमोर ‘४’ होतं, त्याला तीन मिळाली, फारसं चुकलं नाही. मात्र दुबेसमोर त्यांनी ‘फलंदाजी आणि २ षटकं’ लिहिलं होतं आणि त्याच्या हातात चेंडू आलाच नाही. त्यानं १६ चेंडूंत २७ केल्या म्हणून ती चूक लपली. चूक तीच होती. पुढच्या वेळी तो ‘अष्टपैलू’ म्हणून अष्टपैलूची जागा भरायला घेतला आणि फलंदाजीही आली नाही, तर ती जागा पूर्ण रिकामी जाईल.

रविवारी सकाळी हे सगळं वहीत मांडत होतो तेव्हा दाजी अजून झोपलेले होते. रात्री शिवाजी चौकात गुलाल उधळून पहाटे घरी आले होते. उठल्यावर चहा घेत त्यांनी वही ओढली, दुबेच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्याला पुढच्या बारीला फलंदाजात टाक.” आमच्या लीगच्या यादीत दुबेचा शिक्का त्या दिवसापासून बदलला.